सोनं ६१.८ वर येईपर्यंत थांबू का?

पत्र : मुलीचं लग्न पुढच्या माघात आहे. दहा तोळे घालायचे ठरलंय. चार घरात आहेत, सहा घ्यायचे आहेत. भाचा कमोडिटीचा क्लास करून आलाय. त्याने मोबाइलवर सोन्याच्या चार्टवर आडव्या रेषा मारून दाखवल्या आणि म्हणाला, "मावशी, आत्ता घेऊ नकोस. भाव ६१.८ टक्क्यांवर परत येणारच, तेव्हा घे." शिवाय दोन लाख दिले तर याच रेषांवर गोल्ड मिनीच्या वायद्यात वाढवून देतो म्हणतो. मागच्या महिन्यात दोनदा त्याने सांगितलं तिथूनच भाव वळला, हे मी स्वतः पाहिलं. यजमान म्हणतात, सगळं थोतांड आहे. मी कोणाचं ऐकू?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर :

ताई, थोतांड हा शब्द जरा घाईचा झाला, असं यजमानांना माझ्याकडून सांगा. भाचा खोटं बोलत नाहीये. त्याला चार्टवर जे दिसलं ते तसं दिसतंच, मलाही वर्षानुवर्षं दिसत होतं. प्रश्न इतकाच आहे, की कुठल्याही चार्टवर ते न दिसण्याची सोय कितीशी आहे?

आधी त्या रेषा म्हणजे काय ते बघू. भाव शंभरावरून दोनशेला गेला असं समजा. शंभर रुपयांची चढ झाली. चढ संपून भाव उतरायला लागला की तो त्या शंभरापैकी किती परत देईल, याचे ठरावीक आकडे चार्टवाले मांडतात : २३.६, ३८.२, ५०, ६१.८ आणि ७८.६ टक्के. ६१.८ टक्के परत दिले तर भाव १३८ रुपये २० पैशांवर येतो. तिथे एक आडवी रेष. या रेषांना रिट्रेसमेंट लेव्हल म्हणतात. दावा असा, की उतरता भाव या रेषांपाशी थबकतो किंवा वळतो.

हे आकडे १, १, २, ३, ५, ८, १३, २१ या मालिकेतून येतात. मालिकेतल्या एका संख्येला पुढच्या संख्येने भागत गेलं की भागाकार सुवर्ण गुणोत्तराच्या, म्हणजे ०.६१८ च्या जवळ जातो. त्याचा वर्ग ०.३८२, घन ०.२३६, वर्गमूळ ०.७८६. इटलीतल्या पिसा गावच्या लिओनार्दोने १२०२ साली ही मालिका मांडली म्हणून ती फिबोनाचीची. आपल्याकडे हेमचंद्राने त्याच्या अर्धशतक आधी मात्रावृत्तं मोजताना तीच मांडली होती, पण त्याच्या नावाने चार्टवर बटण नाही. असो. ५० टक्के हा मात्र त्या सुवर्ण गुणोत्तराच्या कुळातला नाहीच. तो 'निम्मं' म्हणून जुन्या बाजाराच्या समजुतीतून येऊन याच पंगतीत बसलाय. हा सगळा हिशेब बाजाराला नेऊन जोडला तो राल्फ एलियट या अमेरिकन माणसाने, गेल्या शतकात, १९३० आणि ४० च्या दशकांत. सोन्याशी त्याचं नातं विचाराल तर 'गोल्डन रेशो' या नावातल्या गोल्डनपुरतंच. सोन्याच्या भावाने अमुक टक्केच मागे यावं असं कुठलंही कारण या आकड्यांत नाही, आणि ही गोष्ट क्लासमध्ये सहसा सांगत नाहीत.

कारण नसलं तरी चालत असेल तर हरकत काय? बरोबर आहे. मग चालतं का ते बघू. एकच उतार घेऊ, पण नीट बघू.

ऑक्टोबर २००८ मध्ये सोनं औंसाला सुमारे ६८१ डॉलरपर्यंत खाली आलं होतं. तिथून सप्टेंबर २०११ मध्ये १,९२१ डॉलरपर्यंत गेलं. चढ झाली १,२४० डॉलरची. आता भाच्याचं बटण दाबा. ३८.२ टक्क्यांची रेष १,४४७ वर येते, ५० टक्क्यांची १,३०१ वर आणि ६१.८ ची १,१५५ वर. ज्यांनी २०११ नंतर सोनं पाहिलं त्या सगळ्यांच्या चार्टवर या रेषा होत्या. माझ्याही होत्या.

१२ एप्रिल २०१३, शुक्रवार, आणि १५ एप्रिल, सोमवार. या दोन दिवसांत सोनं दोनशे डॉलरांहून जास्त कोसळलं. सोमवारी दिवसा भाव १,४४७ च्या रेषेला आला आणि मी गोल्ड मिनीचा, म्हणजे शंभर ग्रॅम सोन्याच्या वायद्याचा, एक लॉट घेतला. रेष आहे, इथे थांबणार. रात्री भाव १,३५० च्या आसपास होता. एका लॉटमागे सतरा-अठरा हजार गेले. रेषेपाशी भाव थबकलासुद्धा नाही. जिथे रेष नव्हती तिथून जसा गेला तसाच तिथूनही गेला.

दुसऱ्या दिवशी भाव १,३२१ पर्यंत उतरला आणि उसळला, मेच्या सुरुवातीला १,४८५ च्या आसपास. आता ५० टक्क्यांची रेष १,३०१ वर होती. "बघ, निम्म्यावरून वळला!" असं तेव्हा सगळे म्हणाले. पण ज्याने शिस्तीत १,३०१ ला खरेदीची ऑर्डर लावून ठेवली होती त्याच्या हाती काहीच लागलं नाही, भाव वीस डॉलर वरूनच फिरला. पुढे जूनमध्ये भाव खरंच १,३०१ ला आला, ऑर्डर लागली, आणि तो रेष तोडून महिनाअखेर १,१८० पर्यंत गेला. म्हणजे रेष 'चालली' तेव्हा तिने ऑर्डर लागू दिली नाही, आणि ऑर्डर लागली तेव्हा ती चालली नाही. चार्टवर नंतर बघताना मात्र दोन्ही वेळा ती रेष छान दिसते.

६१.८ चंही ऐका, कारण तुमचा प्रश्न तिच्यावरच अडलाय. रेष १,१५५ वर. जून २०१३ मध्ये भाव १,१८० वरून, म्हणजे पंचवीस डॉलर आधीच फिरला. नोव्हेंबर २०१४ मध्ये रेष ओलांडून १,१३१ पर्यंत गेला आणि जानेवारीत १,३०० च्या वर आला. इथे रेषेवर घेणाऱ्याला फायदा झाला, हे मान्य करायला हवं. चोवीस डॉलरचा तोटा डोळ्यांदेखत सोसायची तयारी ठेवली असेल तरच, पण झाला. मग २०१५ मध्ये ती रेष तुटली आणि डिसेंबरात भाव १,०४६ वर येऊन खरा तळ झाला. हा तळ कुठल्या रेषेवर आहे? चढाच्या ७०.६ टक्क्यांवर. तिथे रेषच नाही. चार वर्षांच्या उतारातला सगळ्यांत महत्त्वाचा वळसा यादीतल्या पाचही आकड्यांना चुकवून गेला.

भाच्याला हे सांगितलंत तर तो म्हणेल, "मावशी, २००८ पासून मोजायचंच नव्हतं. खरी चढ १९९९ पासूनची." आणि त्याचं म्हणणं चुकीचं ठरवता येणार नाही. ऑगस्ट १९९९ मध्ये सोनं २५२ डॉलरवर होतं. तिथून १,९२१ पर्यंत मोजलं की ५० टक्क्यांची रेष १,०८६ वर येते. १,०४६ चा तळ चाळीस डॉलरवर! जरा ताणलं की बसलं. खरी गोम इथे आहे. कुठून मोजायचं हे रेषा सांगत नाहीत, माणूस ठरवतो, आणि बहुतेक वेळा भाव वळल्यानंतर ठरवतो. दिवसभरातला सर्वांत वरचा भाव धरायचा की बंद झालेला, यावरसुद्धा रेष बऱ्यापैकी सरकते.

एक खेळ घरी करून बघण्यासारखा आहे. २००८ आणि १९९९ या दोनच सुरुवाती धरल्या तर ९०० ते १,७०० डॉलरच्या पट्ट्यात किंवा त्याला लागून नऊ रेषा येतात. प्रत्येक रेषेच्या आजूबाजूला पंचवीस डॉलर "जवळपास लागली" म्हणून माफ करा. लोक तेवढं करतातच, वर आपण पाहिलंच. आता या आठशे डॉलरांपैकी किती जागा 'रेषेजवळ' ठरली ते मोजा. मी मोजली तर सुमारे ३८० डॉलर भरली. जवळजवळ निम्मी. डोळे मिटून चार्टवर बोट ठेवलं तरी दोनातून एकदा ते रेषेजवळच पडेल. तुमच्या भाच्याचं मागच्या महिन्यातलं 'दोनदा' या हिशेबात घालून बघा.

मग रेषांपाशी कधीच काही घडत नाही का? घडतं. पुष्कळ लोक एकाच रेषेकडे बघत असतील तर तिथे ऑर्डरी साचतात, आणि साचलेल्या ऑर्डरींनी भाव क्षणभर अडखळू शकतो. पण ऑर्डरी गोल आकड्यांवरही साचतात. न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेत काम केलेल्या कॅरोल ऑस्लर यांनी चलनबाजारातल्या ऑर्डरी तपासल्या होत्या, तेव्हा ०० आणि ५० ने संपणाऱ्या भावांवर त्या गोळा झालेल्या दिसल्या. आता आपली ५० टक्क्यांची रेष आठवा, १,३०१. तिथे काही घडलं तर श्रेय फिबोनाचीला द्यायचं की १,३०० ला? मी तरी सांगू शकत नाही. शिवाय साचलेल्या ऑर्डरींत स्टॉपलॉसही असतात, म्हणजे भाव ठरावीक पातळीखाली गेला की आपोआप विकायच्या ऑर्डरी. रेष तुटली की ते धडाधड सुटतात आणि भाव अडण्याऐवजी आणखी वेगाने पडतो. एप्रिल २०१३ मध्ये माझ्या १,४४७ पाशी असंच झालं असावं.

आता एक खास आपल्याकडचा घोळ. भाचा चार्ट कुठला बघतो ते विचारा, डॉलरचा की एमसीएक्स या आपल्या वायदेबाजारातला रुपयांचा. सराफाकडे तुम्ही जो भाव देता त्यात डॉलरमधलं सोनं असतं, रुपयाचा दर असतो आणि आयातशुल्क असतं. याच २०१३ मध्ये जूननंतर डॉलरचं सोनं १,१८० वरून ऑगस्टअखेर १,४३३ पर्यंत चढलं, म्हणजे २०११ पासूनच्या पडझडीच्या जेमतेम एकतृतीयांश परत आलं. ३८.२ टक्क्यांची रेषसुद्धा गाठली नाही. पण त्याच काळात रुपया घसरून डॉलरला ६८ च्या पुढे गेला आणि आयातशुल्क ८ वरून १० टक्के झालं. परिणाम असा, की आपल्याकडे दहा ग्रॅमचा भाव चौतीस हजारांच्या वर, त्याआधीच्या उच्चांकाच्याही पुढे गेला. एकच धातू, एकच आठवडा. एका चार्टवर पहिली महत्त्वाची रेषही लागली नाही, दुसऱ्यावर सगळ्या रेषा मागे पडल्या. उलटंही होतं. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात आयातशुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आलं आणि एमसीएक्सवर दहा ग्रॅममागे चार हजारांच्या आसपास भाव एका दिवसात उतरला. त्या दिवशी कुठल्याही रेषेला काही ठाऊक नव्हतं.

हे चार हजार लक्षात ठेवा, कारण तुमचे दोन लाख इथे येतात. गोल्ड मिनीचा एक लॉट शंभर ग्रॅमचा असतो आणि भाव दहा ग्रॅमचा लागतो. म्हणजे भाव एक रुपया हलला की तुमचे दहा रुपये हलतात. दहा ग्रॅममागे चार हजारांची पडझड झाली तर एका लॉटवर चाळीस हजार, तुमच्या दोन लाखांचा पाचवा हिस्सा, तोही एका दिवसात. वायद्यात पूर्ण रक्कम भरावी लागत नाही, मार्जिन भरून लॉट मिळतो, म्हणून दोन लाख 'पुरतात' असं वाटतं. प्रत्यक्षात तुम्ही शंभर ग्रॅम सोन्याची जोखीम घेतलेली असते, लग्नाला हव्या त्या साठ ग्रॅमपेक्षाही जास्त. हे पैसे देऊ नका. नाराज होईल, होऊ दे.

त्याला सराव करायचाच असेल तर एमसीएक्सवर गोल्ड पेटल नावाचा एक ग्रॅमचा वायदा आहे. तिथे तीच पडझड चारशे रुपयांना पडते. त्याआधी मात्र त्याला एक वही घ्यायला सांगा. सौदा करण्याआधी त्या वहीत तारखेसकट लिहायचं : कुठल्या तळापासून कुठल्या उच्चांकापर्यंत मोजलं, चार्ट डॉलरचा की रुपयाचा, पाचांपैकी कुठली रेष, किती फरक चालेल, किती दिवसांत वळायला हवं आणि कुठल्या भावाला 'चुकलं' म्हणायचं. 'इथून किंवा तिथून वळेल' असं लिहायचं नाही. शेजारी दुसऱ्या रकान्यात मनाला येतील त्या टक्क्यांच्या रेषा घ्यायच्या, ३१, ४५, ५७, ७० अशा, आणि त्यांनाही तेच नियम लावायचे. अशा तीस-चाळीस नोंदी झाल्या की दोन्ही रकाने मोजायचे. त्याच्या रेषा माझ्या मनाच्या रेषांपेक्षा ठळकपणे सरस निघाल्या तर मला जरूर कळवा, मी या सदरात तसं छापेन.

आता तुमचे सहा तोळे. थांबण्याच्या सल्ल्यात सगळ्यांत मोठी अडचण अशी, की रेष कुठे हे सांगते, कधी हे सांगत नाही. वर पाहिलेल्या ६१.८ च्या रेषेला भाव उच्चांकानंतर तीन वर्षांहून जास्त काळाने लागला. तुमचा माघ तेवढा थांबणार नाही. आणि लागेलच असंही नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सोनं १,८१० डॉलरच्या आसपास होतं, एप्रिल २०२४ मध्ये २,४३१ ला गेलं. ६१.८ टक्के परत येणार म्हणून २,०४७ ची वाट बघणारे लोक मी पाहिले. मेमध्ये भाव २,२७७ पर्यंत उतरला, वळला, आणि ऑक्टोबरात २,७५० च्याही वर होता. भाचा पटकन म्हणेल, तो २३.६ च्या रेषेवरून वळला. हो, ती रेष २,२८४ वर होती, जवळपास लागली. पण एप्रिलमध्ये त्या पाच रेषांपैकी हीच लागणार हे सांगणारा कुणी भेटला असता तर लग्नघरांचं भलं झालं असतं.

भाव पडणार नाही असं मी म्हणत नाहीये. पडेलही, चांगला पडेल. कुठपर्यंत आणि कधी, ते ना मला ठाऊक ना रेषेला. म्हणून माघापर्यंतचे महिने मोजा आणि सहा तोळ्यांचे सहा भाग करा, दर दीड-दोन महिन्यांनी एक तोळा. तारीख आधी ठरवा, भाव बघून नाही. मधे भाव जोरात उतरला तर पुढचा एक हप्ता अलीकडे ओढा, इतपत मोकळीक ठेवायला हरकत नाही. याने तुम्हाला तळाचा भाव मिळणार नाही, पण सगळे सहा तोळे वरच्या टोकाला घेतल्याची चुटपुटही लागणार नाही.

आणि जिथे पैसे खरोखर वाचतात तिकडे बघा. दहा ग्रॅमचा भाव सोयीसाठी एक लाख धरला तर साठ ग्रॅमचे सहा लाख होतात. घडणावळ एका सराफाकडे सोळा टक्के आणि दुसऱ्याकडे बारा असेल तर फरक चोवीस हजारांचा, आणि तो आज, हमखास. तीन पेढ्यांत जाऊन त्याच नगाची घडणावळ लिहून घ्या. नाणं किंवा वेढणं घेऊन ठेवणार असाल तर ते नंतर दागिन्यात मोडताना किती कापणार, हेही आधीच विचारा, आणि शक्यतो ज्याच्याकडे दागिना घडवायचा त्याच्याकडूनच घ्या. दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा हॉलमार्क क्रमांक असतो, तो बिलावर लिहून मागा. घरातले चार तोळे मोडून नवीन करायचा विचार असेल तर आधी वजन आणि कस दोन ठिकाणी तपासा. जुन्या पाटल्या बावीस कॅरेटच्या म्हणून घेतलेल्या असतात आणि निघतात कमी.

थुशी आणि तोडे घडवायला टाकायचे असतील तर ते दिवाळीच्या आधी टाका. मार्गशीर्ष लागला की कारागिरांकडे लग्नाच्या ऑर्डरींची रांग असते, आणि घाईत लावलेल्या घडणावळीवर कुणी घासाघीस करू देत नाही.